गिऱ्हाईक कुठे उभं राहणार?

बाजाराच्या रस्त्याचा आराखडा कागदावर येतो तेव्हा फेरीवाला त्यात एक चौकोन असतो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद. हे माप हवेतून आलेलं नाही. मुंबईतल्या फेरीवाल्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ज्या अटी घातल्या, त्यांत पदपथाच्या एका बाजूला एवढ्याच जागेत धंदा करावा असं म्हटलं होतं, आणि तेव्हापासून हा चौकोन नकाशांवर कायम आहे. चौकोन मोजायला सोपा, रंगाने आखायला सोपा, त्याची संख्या मोजून तक्ता भरायलाही सोपा. पण बाजाराच्या रस्त्यांवर काम करताना एक गोष्ट सतत दिसते: चौकोन अगदी मापात बसवला, पथारी एक इंचही बाहेर नाही, तरी पदपथ तुंबलेलाच असतो. कारण तो पथारीने तुंबत नाही, पथारीपुढे थांबलेल्या माणसांनी तुंबतो. गजरा घेणारी बाई, तिच्या मागे पिशवी सांभाळत उभा असलेला नवरा, त्यांना ओलांडता येईना म्हणून खाली रस्त्यावर उतरलेली कॉलेजची मुलगी, हे तिघंही कुठल्याच तक्त्यात नसतात. माझं म्हणणं एवढंच आहे की बाजाराचा रस्ता आखताना पहिलं माप गिऱ्हाइकाच्या उभं राहण्याच्या जागेचं घ्यावं. पदपथाची रुंदी, फेरीवाल्यांची संख्या आणि रस्ता ओलांडायची जागा ही तीनही उत्तरं त्या एका मापातून निघतात, आणि ते माप सोडून काढलेली उत्तरं जमिनीवर टिकत नाहीत.

उदाहरणासाठी पुण्याचा लक्ष्मी रस्ता घेऊ. साड्या, सोनं, कापड, चपला यांची दुकानं, हाकेच्या अंतरावर तुळशीबाग आणि मंडई, एकेरी वाहतूक, आणि अनंत चतुर्दशीपासून दुसऱ्या दिवसापर्यंत चालणारी विसर्जनाची मिरवणूक. पुणे महापालिकेने २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा करायला सुरुवात केली आणि त्यासाठी याच रस्त्याचा नगरनाथ पार ते गरुड गणपती हा पट्टा एक दिवस वाहनांना बंद केला. त्या दिवशी रस्ता किती मोठा आहे हे लोकांना दिसलं, हे चांगलंच झालं. पण प्रश्न उरलेल्या ३६४ दिवसांचा आहे, जेव्हा बस, रिक्षा, दुचाक्या, पथारीवाले आणि चालणारे सगळे एकाच वेळी तिथे असतात. जंगली महाराज रस्त्याच्या नव्या रचनेची उदाहरणं अनेकदा दिली जातात, आणि ती रचना मला आवडतेही. परंतु तो रुंद रस्ता आहे. तिथे चालणाऱ्याला जागा देताना कुणाचं फारसं काढून घ्यावं लागलं नाही. पेठेतल्या रस्त्यावर प्रत्येक अर्ध्या मीटरला दावेदार असतो, म्हणून तिथे मोजमाप जास्त काटेकोर लागतं.

हे मोजमाप कसं घ्यायचं? नेहमीची पद्धत अशी, की पदपथावरून तासाला किती माणसं गेली ते मोजायचं. बाजारात हा आकडा फसवा असतो. पदपथ जितका तुंबलेला, तितके लोक त्यावरून कमी जातात, आणि कमी आकडा पाहून कुणीतरी म्हणतं की इथे चालणारेच कमी आहेत, मग रुंदी कशाला. खरा आकडा पदपथ असूनही रस्त्यावरून चालणाऱ्यांचा. शनिवार-रविवारच्या संध्याकाळी एका रेषेवर उभं राहून दोन्ही वेगवेगळे मोजले की पदपथ किती निकामी झालाय ते कळतं. दुसरं माप टाचांचं. पथारीपुढे गिऱ्हाईक उभं राहिलं की त्याच्या टाचा जिथे येतात तिथे खडूची खूण करायची, ते गेलं की पुढच्याची. थोड्याच वेळात पथारीच्या कडेला समांतर अशा खुणांचा एक पट्टा तयार होतो, आणि हीच त्या फेरीवाल्याची खरी हद्द असते. जॉन फ्रुइन यांनी १९७१ साली पादचाऱ्यांच्या नियोजनावर लिहिलेल्या पुस्तकात उभ्या माणसासाठी साधारण ४६ बाय ६१ सेंटीमीटरची लंबगोल जागा धरली आहे. ती नुसत्या शरीराची. आपल्याकडच्या गिऱ्हाइकाच्या हातात पिशवी असते, ते वाकून माल चाळतं, वाकलं की मागे सरकतं. म्हणून मी पाऊण मीटर धरतो. पथारी एक मीटर आणि गिऱ्हाईक पाऊण मीटर, म्हणजे एक मीटरचा फेरीवाला प्रत्यक्षात पावणेदोन मीटर खोल असतो.

शिवाय सगळी गिऱ्हाइकं सारखी नसतात. गजरा, कोथिंबीर, रुमाल घेणारं माणूस चालता चालता थांबतं, पैसे देतं आणि निघतं. बांगड्या आणि कानातली बघायला तिघी-चौघी मिळून येतात, एक बसते, बाकीच्या तिच्या खांद्यावरून पाहतात, आणि पाऊण मीटरचा सव्वा मीटर होतो. भेळेच्या गाडीपुढचं गिऱ्हाईक बशी संपेपर्यंत हलत नाही, त्याला पाणी लागतं आणि बशी टाकायला डबा लागतो. किल्ल्या करून देणारा किंवा चपला शिवणारा यांच्याकडे माणूस ठरवूनच येतं. ते मुख्य रस्त्यावर नसले, बोळाच्या तोंडाशी असले, तरी त्यांचा धंदा बुडत नाही. पथविक्रेता कायद्याच्या तक्त्यात हे सगळे एकाच रकान्यात असतात. आराखड्यात ते वेगळे काढावे लागतात: चटकन उरकणारे धंदे मुख्य पट्ट्यात, घोळका जमवणारे जिथे इमारत थोडी मागे आहे तिथे, खाण्याच्या गाड्या पाणी आणि ड्रेनेज जवळ असेल तिथे. मालाच्या प्रकारापेक्षा गिऱ्हाईक किती वेळ आणि किती जणांनी थांबतं यावरून केलेली ही वर्गवारी जास्त उपयोगी पडते.

आता तोंड कुणीकडे, हा प्रश्न. बहुतेक बाजारांत पथारी दुकानाच्या पायरीला लागून असते आणि तोंड रस्त्याकडे. तिथे भिंतीचा आडोसा मिळतो, पन्हळीखाली ऊन-पाऊस कमी लागतो, म्हणून ती जागा स्वाभाविक आहे. पण मग गिऱ्हाइकाच्या टाचा बरोबर चालायच्या जागेत येतात, आणि दुकानदाराची काचही झाकली जाते. दुसरा प्रकार रस्त्याच्या कडेला डांबरावर बसण्याचा, तोंड पदपथाकडे किंवा चक्क वाहनांकडे. तोंड वाहनांकडे असलं की गिऱ्हाईक चालत्या रस्त्यात उभं राहतं, ही सगळ्यांत वाईट मांडणी. माझ्या मते योग्य जागा एकच: पदपथाच्या बाहेरच्या कडेवर, वाहनांकडे पाठ आणि तोंड दुकानांकडे. टाचा पदपथाच्या बाहेरच्या भागात पडतात, दुकानाची काच समोर उघडी राहते, आणि चालणारा माणूस दुकान आणि पथारी यांच्या मधून जातो. दोन्हीकडचा माल त्याच्या नजरेत येतो. बाजाराला हेच हवं असतं.

हे १५ मीटरच्या रस्त्यावर मांडून पाहू. पेठांमध्ये इमारतीपासून इमारतीपर्यंतचं अंतर चौकागणिक बदलतं, पण हिशेबाला हा आकडा सोयीचा आहे. आज अशा रस्त्यावर दोन्ही बाजूंना साधारण दोन-दोन मीटरचा पदपथ आणि मध्ये ११ मीटर डांबर अशी वाटणी असते असं धरू. नव्या वाटणीत वाहनांना साडेपाच मीटर द्यायचे: साडेतीन मीटर चालती मार्गिका आणि डाव्या हाताला दोन मीटरचा थांब्याचा पट्टा, ज्यात रिक्षा थांबेल, माल उतरेल आणि ठरलेल्या जागी दुचाक्या लागतील. उरले साडेनऊ मीटर. फेरीवाले फक्त उजव्या हाताच्या पदपथावर, कारण एकेरी रस्त्यावर बसचं दार डावीकडे उघडतं आणि उतरणाऱ्यांचा लोंढा पथारीवर येऊ नये. या पदपथाची रुंदी सव्वापाच मीटर. दुकानाकडून निघालं तर अर्धा मीटर पायऱ्यांना आणि काचेपुढे उभं राहणाऱ्यांना, अडीच मीटर निव्वळ चालायला, पाऊण मीटर गिऱ्हाइकाला, एक मीटर पथारीला आणि पाठीमागे अर्धा मीटर झाडं, दिव्याचे खांब आणि सुरक्षित अंतर यांना. डाव्या पदपथाला सव्वाचार मीटर: अर्धा काचेपुढे, अडीच चालायला, सव्वा मीटर झाडं, डीपी, बाकं, बसथांबा यांना. बेरीज बरोबर १५. इंडियन रोड काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत चालायची मोकळी जागा किमान १.८ मीटर सांगितली आहे. तेवढ्यात दोन चाकांच्या खुर्च्या एकमेकींशेजारून जाऊ शकतात. बाजारात मी अडीच धरतो, कारण तिथे लोक एकेकटे चालत नाहीत. आई, मुलगी आणि मुलीचा हात धरलेलं नातवंड हे एकाच ओळीत चालतात, आणि समोरून तसंच दुसरं कुटुंब येत असतं.

यात पाऊण मीटरच्या पट्ट्याला वेगळी फरशी लागते, आणि हे सजावटीसाठी नाही. चालायची जागा एका रंगाची, थोडी गुळगुळीत. गिऱ्हाइकाची आणि पथारीची जागा दुसऱ्या रंगाची, थोडी खरखरीत. पायाला फरक कळला पाहिजे, कारण गर्दीत रंगाची रेघ कुणाला दिसत नाही. अंध माणसासाठीची उठावाच्या खुणांची पट्टी चालायच्या जागेच्या मधोमध जावी. ती पथारीच्या कडेने गेली तर काठीला पहिल्यांदा गिऱ्हाइकाचे पाय लागतात. ताडपत्रीची कडा किमान सव्वादोन मीटर उंच हवी. आज ती बहुधा माणसाच्या कपाळाच्या उंचीला असते, पावसात तिची धार नेमकी चालणाऱ्याच्या मानेवर पडते, आणि माणूस ती चुकवायला अर्धा मीटर आत सरकतो. तो अर्धा मीटर मग चालायच्या पट्ट्यातून वजा होतो. महापालिकेने पाठीमागच्या अर्ध्या मीटरमध्ये ठरावीक अंतरावर खांबांसाठी खोबण्या ठेवल्या, तर ताडपत्री बांधायला झाड आणि दिव्याचा खांब लागत नाही आणि उंचीही नेमून देता येते.

आता किती जण बसतील? चौकापासून चौकापर्यंत १२० मीटरचा एक तुकडा घेऊ. दोन्ही टोकांना दहा-दहा मीटर मोकळे, कारण वळणाऱ्या वाहनाला आणि ओलांडणाऱ्या माणसाला एकमेकं दिसली पाहिजेत. मध्ये ओलांडायच्या जागेसाठी दहा मीटर. दोन बोळांची तोंडं मिळून दहा. डीपी, अग्निशमनाचा हायड्रंट, जुनी झाडं यांत १५. राहिले ६५ मीटर. एका फेरीवाल्याला रुंदीला १.२ मीटर, म्हणजे मीटरभर पथारी आणि त्याला स्वतःला आत-बाहेर करायला थोडी फट. चार फेरीवाल्यांनंतर १.७ मीटरची मोकळी वाट, म्हणजे एक गट साडेसहा मीटरचा. ६५ मीटरमध्ये दहा गट, ४० फेरीवाले. ही मधली वाट अनावश्यक वाटते आणि पहिल्यांदा तीच भरली जाते. पण ती नसली तर पथारींची सलग भिंत तयार होते: पलीकडून आलेल्या माणसाला पदपथावर चढता येत नाही, आणि आग लागली तर नळी आत नेता येत नाही. ती शक्यतो दुकानाच्या दारासमोर ठेवावी. मग तिची राखण दुकानदार स्वतःहून करतो.

ओलांडण्याची जागा हा या हिशेबाचाच पुढचा भाग आहे. बाजारात माणूस रस्ता ओलांडतो तो बहुधा समोरचा माल पाहून. चौकातला झेब्रा पट्टा ६० मीटर मागे असेल तर तो तिथवर जात नाही, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. म्हणून १२० मीटरच्या तुकड्यात मध्ये एक जागा हवीच, आणि ती नकाशावर बरोबर मध्यभागी नव्हे, तर जिथे लोक आज ओलांडतात तिथे. बहुधा ती एखाद्या बोळाच्या तोंडाशी असते, जसा तुळशीबागेकडे जाणारा रस्ता. आता वेळ पाहा. हिशेबात चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. ११ मीटर ओलांडायला नऊ सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. ताशी ३० किलोमीटरने येणारी दुचाकी तेवढ्यात ७५ मीटरहून थोडी जास्त पुढे येते. म्हणजे ७५ मीटर रस्ता मोकळा दिसल्याशिवाय सुरक्षितपणे पाऊल टाकता येत नाही, आणि बाजाराच्या रस्त्यावर एवढी मोकळीक कधीच मिळत नाही. माणूस मग हात दाखवत एकेका वाहनाला थोपवत जातो. नव्या रचनेत ओलांडायच्या जागी डावीकडचा थांब्याचा पट्टा भरून पदपथ पुढे आणायचा, म्हणजे ओलांडायला साडेतीन मीटरच उरतात. तीन सेकंद. म्हाताऱ्या माणसाचा वेग सेकंदाला ०.८ मीटर धरला तरी साडेचार सेकंदांच्या आत, जिथे आधी त्याला जवळजवळ १४ सेकंद लागले असते. सिग्नल, पोलीस, पूल यांपैकी काहीही न लावता नुसत्या रुंदीने झालेला हा फरक आहे. पादचारी पूल बाजारात का चालत नाहीत याचं उत्तरही इथेच आहे: तीन सेकंदांच्या वाटेसाठी दोन जिने कुणी चढत-उतरत नाही.

ही जागा पदपथाच्याच उंचीला उचलायची. माणूस खाली उतरत नाही, वाहन वर चढतं. पंधरा सेंटीमीटरची उंची आणि दोन्हीकडे दीड मीटरचा उतार असला तर बस धक्का न लागता जाते, पण दुचाकीला वेग कमी करावाच लागतो. या कामात सगळ्यांत जास्त फसतं ते पाणी. उचललेला पट्टा रस्त्याला आडवा पडला की तो बांध होतो, आणि पुण्याच्या पावसात चढाच्या बाजूला डबकं साठतं. दोन्ही कडांना जाळी आणि पट्ट्याखालून पाइप नसेल तर पहिल्या पावसाळ्यातच लोक डबकं चुकवत दोन-चार मीटर बाजूने ओलांडू लागतात. पट्ट्याच्या एका बाजूला चिखलाची वाळलेली रेघ आणि झेब्र्याचा रंग मात्र कोराच, असं दिसलं की समजावं पाणी अडतंय. जाळी असली तरी गजऱ्यांची पानं आणि प्लॅस्टिक त्यात अडकतं, म्हणून तिचं झाकण झाडूवाल्याला एकट्याने उचलता येईल असं हवं. जड लोखंडी झाकण आठवडाभरात कायमचं बंद होतं.

दुसरी अडचण फेरीवाल्यांचीच. ओलांडण्याच्या तोंडाशी प्रत्येक माणूस क्षणभर थांबतो, म्हणून धंद्याला ती सर्वोत्तम जागा असते, आणि तिथली छत्री किंवा ताडपत्री मागे उभ्या असलेल्या लहान मुलाला वाहनचालकाच्या नजरेआड करते. ‘येथे बसू नये’ ही पाटी तिथे काही करू शकत नाही. फरशीला हलका उतार दिला तर करू शकतो: टोपली डगमगते, गाडी पुढे घसरते, आणि माणूस आपणहून सपाट जागा शोधतो. चाकाच्या खुर्चीला उतार सौम्यच लागतो, एकास बारा. तेवढा टोपलीला पुरेसा गैरसोयीचा असतो.

खांबांबद्दल मला एक गोष्ट जोर देऊन सांगायची आहे, कारण तिथे बराच पैसा जातो. दुचाक्या पदपथावर चढतात म्हणून कडेला खांब लावायचे, आणि चाकाची खुर्ची जावी म्हणून दोन खांबांत किमान ९० सेंटीमीटर सोडायचे. पण स्कूटर खुर्चीहून फारशी रुंद नसते. ज्या फटीतून खुर्ची जाते त्यातून स्कूटरही जाते, आणि हा प्रश्न खांबांनी सुटणारा नाही. तो सुटतो कडेला माणूस बसलेला असला की. आपल्या मालावरून चाक जाईल म्हणून पथारीवाला स्कूटरला आत येऊ देत नाही. कडेच्या पट्ट्यात तोंड आत करून बसलेले ४० फेरीवाले म्हणजे पदपथाला सकाळपासून रात्रीपर्यंत मिळालेली राखण, आणि ज्यांना हटवण्यासाठी पदपथ आखला जातो तेच तो पदपथ टिकवू शकतात.

यावर आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. दुकानदार म्हणतात, आम्ही मिळकत कर भरतो, लाखांचं भाडं देतो, आणि आमच्या दारात दुसरा माल विकतो. या तक्रारीत तथ्य आहे, आणि म्हणूनच पथारी दाराला लागून नको, पावणेचार मीटर लांब हवी, आणि दारासमोर वाट हवी. त्याहून पुढे जाऊन ‘मुळीच नको’ म्हणण्याला मात्र आधार नाही. रुमाल आणि गजरा घ्यायला आलेलं गिऱ्हाईक साडी बघतं, साडी घेतलेलं गिऱ्हाईक गजरा घेतं. बाजार या दोघांचा मिळून बनतो.

फेरीवाल्यांसाठी इमारत बांधून त्यांना तिथे न्यावं, हा दुसरा आक्षेप, आणि तो सर्वांत जास्त ऐकू येतो. चेन्नईच्या पाँडी बाजारात २०१३ मध्ये फेरीवाल्यांना रस्त्यावरून काढून संकुलात नेलं, आणि २०१९ मध्ये तोच रस्ता पादचाऱ्यांसाठी रुंद आणि सुंदर झाला. रस्ता म्हणून तो काम उत्तम आहे. पण इमारतीत नेल्यावर जाता जाता होणारी खरेदी होत नाही. ठरवून खरेदी होणारा माल तिथे तग धरतो, गजरा धरत नाही. मग रिकाम्या झालेल्या पदपथावर दुसरं कुणीतरी टोपली घेऊन बसतं, कारण गिऱ्हाईक तर अजून तिथूनच चालतंय. माल घेणारा जिथे आहे तिथे विकणारा येतो. त्याला जागा आखून दिली नाही तर तो आपल्या सोयीची निवडतो, आणि ती बहुधा चालणाऱ्याच्या गैरसोयीची असते.

तिसरा आक्षेप वाहतुकीचा: ११ मीटरचे साडेपाच केले तर कोंडी होईल. कागदावर ११ मीटर म्हणजे तीन मार्गिका. पण बाजाराच्या वेळी तिथे उभं राहून पाहावं. दोन्ही कडांना दुचाक्यांची रांग, तिच्याबाहेर माल उतरवणारा टेम्पो, त्याच्याबाहेर पदपथावरून खाली ढकलले गेलेले लोक, आणि मधून चालणारी वाहनं एकाच ओळीत. म्हणजे प्रत्यक्षात चालणारी मार्गिका आजही एकच आहे, फक्त ती दर दहा मीटरला डावी-उजवी वळते. नव्या रचनेत ती सरळ होते. हे मान्य करायला हवं की थांब्यावर बस उभी असताना मागच्यांना थांबावं लागेल, आणि दुचाक्या लावायच्या जागा निम्म्याहून कमी होतील. त्या जागा आसपासच्या वाहनतळांत आधी उपलब्ध केल्या नाहीत तर दुचाक्या चालायच्या अडीच मीटरवर येतील, आणि सगळा आराखडा महिनाभरात मोडेल. हा धोका मला बाकी सर्वांपेक्षा मोठा वाटतो. मिरवणुकीचा आक्षेप त्या मानाने सोपा आहे. मधोमध दुभाजक नाही, पदपथ आणि रस्ता यांत फक्त १५ सेंटीमीटरचा फरक आहे, पथारींचे खांब खोबणीतून उपसून काढता येतात. विसर्जनाच्या दिवशी रथाला साडेपाच मीटर सपाट रस्ता आणि बघणाऱ्यांना दोन्हीकडे रुंद पदपथ मिळतो. ओलांडायच्या पट्ट्याचा उतार ढकलल्या जाणाऱ्या रथाला जड जाईल का, हे मात्र मंडळांना आधी विचारून ठरवायला हवं, आणि लागला तर तो दीडऐवजी दोन मीटरचा करावा.

शेवटचा आक्षेप शिस्तीचा: आज ४० आखले, उद्या ८० बसतील. अतिक्रमणाची गाडी फिरवणं हे त्यावरचं उत्तर समजलं जातं. पण गाडीच्या भीतीने काय होतं ते रस्त्यावर दिसतं. फेरीवाला स्थिर पथारी सोडून हातातली टोपली किंवा खांद्यावरचा गठ्ठा घेतो, आणि पळता यावं म्हणून कडेला न बसता गर्दीच्या मध्यभागी उभा राहतो. अनिश्चितता त्याला चालायच्या पट्ट्यात आणून ठेवते. उलट ज्याच्या चौकोनावर क्रमांक आहे, ज्याच्याकडे प्रमाणपत्र आहे, तो शेजारच्या वाटेत घुसणाऱ्याला स्वतः अडवतो, कारण गट तुंबला तर त्याचंच गिऱ्हाईक पुढे निघून जातं. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांमधून निवडून द्यायला सांगितले आहेत, आणि त्यांत एक तृतीयांश महिला. या समितीपुढे गटवार आराखडा ठेवला, तर चौकोनांची राखण कुणी करायची हे तिथेच ठरू शकतं.

तरीही हिशेब पूर्ण जुळत नाही. समजा पाहणीत या तुकड्यावर ५५ जण निघाले. जागा ४० ची आहे. १५ माणसांचं काय करायचं, हा प्रश्न मोजमापाने निर्माण केलाय आणि तो झाकून ठेवू नये. मधल्या वाटा भरून ते बसवता येतात, पण मग रस्ता पुन्हा पूर्वीसारखा होतो. कायद्याने यावर चिठ्ठ्या टाकायला सांगितलं आहे, आणि ज्यांची चिठ्ठी निघणार नाही त्यांना लगतच्या विक्रीक्षेत्रात जागा द्यायला. सरसकट चिठ्ठ्या टाकल्या तर किल्लीवाल्याला मुख्य रस्त्यावर जागा मिळते आणि गजरेवाली देवळापासून लांब बोळात जाते. दोघांचंही नुकसान, आणि रस्त्याचंही. म्हणून आधी वर्गवारी करावी: ठरवून येणाऱ्या गिऱ्हाइकांचे धंदे संमतीने बोळांत, घोळक्याचे धंदे रुंद जागी, आणि उरलेल्यांत चिठ्ठ्या. वेळेची वाटणीही कायद्याला मान्य आहे. कापडाची दुकानं उघडण्याआधी सकाळी भाजीवाली जिथे बसते, तोच चौकोन संध्याकाळी रुमालवाल्याचा होऊ शकतो, अट एवढीच की दोघांची नावं एकाच क्रमांकावर नोंदलेली असावीत आणि सकाळचा कचरा उचलून झाल्याशिवाय संध्याकाळची पथारी मांडली जाऊ नये. दगडी फरशी बसवण्याआधी हे सगळं दोन-तीन महिने रंगाने आणि हलवता येणाऱ्या कुंड्यांनी आखून चालवून पाहावं, त्यात एक लग्नसराई किंवा दिवाळी यावी, आणि गिऱ्हाइकांच्या टाचा पाऊण मीटरच्या बाहेर गेल्या तर ती रुंदी तेव्हाच बदलावी.